रिपोर्टातली सूज

त्या ताई आमच्या भागातल्या एसटी आगारात कंडक्टर आहेत. वय ४३. केबिनमध्ये आल्या तेव्हा अंगात खाकी गणवेश होता, खांद्याला तिकिटाची बॅग होती आणि हातात तीन वर्षांचे कागद भरलेली प्लॅस्टिकची पिशवी. बसायच्या आधी त्यांनी खुर्चीच्या गादीकडे एकदा पाहिलं, मग बॅगेतून एक जुना टॉवेल काढून त्याची घडी घातली आणि त्यावर बसल्या. पाळीचा दुसरा दिवस होता.

"मॅडम, पिशवीला सूज आहे म्हणतात. काढून टाका म्हणतात. काढायची का?"

हे वाक्य मी बावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये इतक्यांदा ऐकलंय, की त्यातल्या 'सूज' या शब्दाचा मला हल्ली राग येतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'बल्की युटेरस' असं छापून येतं. बल्की म्हणजे मोठं, एवढंच. मराठीत येता येता त्याची सूज होते. सूज म्हटली की बाईला वाटतं आत काहीतरी पिकलंय. अँटिबायोटिकचे कोर्स होतात, सूज काही उतरत नाही, आणि मग कुणीतरी म्हणतं, ठेवली तर कॅन्सर होईल.

वास्तविक गर्भाशय मोठं होण्याची कारणं अनेक आहेत. नुसती दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचंही गर्भाशय थोडं मोठंच असतं आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. पण चाळिशीतली बाई, पाळीत अंगावरून भरपूर जातंय, गाठी पडतायत, ओटीपोट मुरगाळल्यासारखं दुखतंय, आणि तपासताना मोठं झालेलं गर्भाशय दाबलं की कळ येते, अशी सगळी लक्षणं एकत्र दिसली तर माझ्या मनात पहिलं नाव येतं ते ॲडेनोमायोसिसचं.

गर्भाशयाला दोन मुख्य थर असतात. आतलं अस्तर दर महिन्याला वाढतं आणि पाळीच्या रक्ताबरोबर गळून जातं. त्याच्याबाहेर असते स्नायूंची जाड भिंत, बाळंतपणात कळा देते ती. अस्तराची जागा आत, स्नायूची बाहेर. ॲडेनोमायोसिसमध्ये अस्तराच्या ग्रंथी ही सीमा ओलांडून स्नायूत शिरतात आणि तिथेच ठाण मांडतात. मूळ अस्तरासारख्याच त्याही दर महिन्याला फुगतात. कधी त्यांच्यातूनही थोडं रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाटच नसते. भोवतालचा स्नायू चिडतो, जाड होतो. हळूहळू सगळी भिंतच फुगते आणि एरवी पेराच्या आकाराचं असलेलं गर्भाशय गोल गरगरीत होतं.

ग्रंथी तिथे शिरतात तरी कशा, याचं एकमेव उत्तर नाही. एक मत असं, की बाळंतपण, सिझेरियन, गर्भपिशवी साफ करणं यांमुळे अस्तर आणि स्नायू यांच्यामधली सीमा दुखावते आणि भरून येताना अस्तर आत खेचलं जातं. दुसरं मत असं, की काही पेशी जन्मापासूनच स्नायूत असतात आणि पुढे हार्मोन्सच्या प्रभावाखाली अस्तराचं रूप घेतात. मुलं झालेल्या, चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांमध्ये हा आजार जास्त दिसतो हे खरं. पण आता सोनोग्राफी सुधारल्यामुळे तिशीतल्या, मूल न झालेल्या मुलींमध्येही तो सापडतो. तेव्हा 'बाळंतपणं झाली म्हणून झालं' असं सरसकट म्हणता येत नाही.

रक्त जास्त का जातं, हे कळलं की उपायही कळतात. पाळीच्या वेळी गर्भाशयाचा स्नायू आकसतो आणि आपल्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिमटीत पकडून बंद करतो. मधेमधे ग्रंथी घुसलेल्या स्नायूला तसं नीट आकसता येत नाही. शिवाय गर्भाशय मोठं म्हणजे आतलं अस्तरही जास्त, आणि रक्तपुरवठाही वाढलेला. दुखण्यामागे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं असतात. ती अशा गर्भाशयात जास्त तयार होतात आणि त्यांच्यामुळे स्नायूत वेड्यावाकड्या कळा येतात. म्हणूनच मेफेनॅमिक ॲसिडसारखी गोळी, जी ही रसायनंच कमी करते, ती नुसत्या पॅरासिटामॉलपेक्षा जास्त गुण देते. तीही दुखायला लागायच्या जरा आधी घेतली तर.

ताईंना मी विचारलं, किती जातं? त्या म्हणाल्या, "खूप." प्रत्येक बाईचं उत्तर हेच असतं, आणि प्रत्येकीचं 'खूप' वेगळं. नेहमीच्या पाळीत सगळे दिवस मिळून ३० ते ४० मिलि रक्त जातं, म्हणजे चहाचा छोटा कपसुद्धा भरत नाही. ८० मिलिच्या वर गेलं की ती जास्त पाळी. पण मापून कोण बघणार? त्यासाठी एक साधा तक्ता आहे, १९९० साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी केलेला. पॅड जेमतेम डागाळलं तर १ गुण, अर्धंमुर्धं भिजलं तर ५, पूर्ण भिजलं तर २०. छोट्या गाठीला १, मोठ्या गाठीला ५. पाळी संपली की बेरीज करायची. शंभरावर गेली तर रक्त बहुधा ८० मिलिपेक्षा जास्त गेलेलं असतं.

कंडक्टरला हिशेब सांगावा लागत नाही. पुढच्या महिन्यात ताई वेबिलच्या कोऱ्या पाठीवर पेनाने आखलेला तक्ता घेऊन आल्या. पूर्ण भिजलेली आठ, अर्धी भिजलेली सात, डागाळलेली सहा, मोठ्या गाठी चार. म्हणजे १६० अधिक ३५ अधिक ६ अधिक २०. बेरीज २२१. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'मुक्कामी गाडी, रात्री चादर भिजली.' त्याला तक्त्यात वेगळा रकाना नव्हता. मी तो घालून दिला.

या बेरजेचा दुसरा हिशेब लोहाचा. हिमोग्लोबिन बरं असताना १ मिलि रक्ताबरोबर साधारण ०.४ मिलिग्रॅम लोह जातं. समजा महिन्याला १५० मिलि रक्त गेलं, तर लोह गेलं ६० मिलिग्रॅम. जेवणातून शरीर रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह घेतं, महिन्याला ३० ते ६०. त्यातलं ३० एक मिलिग्रॅम एरवीच, पाळी नसतानाही, खर्च होतं. म्हणजे अशा बाईचं लोहाचं खातं दर महिन्याला उणेच पडतं, मग तिने कितीही पालक आणि गूळ खाल्ला तरी. ताईंचं हिमोग्लोबिन होतं ७.८. बायकांमध्ये ते १२ च्या वर हवं, आणि ८ च्या खाली गेलं की आम्ही त्याला तीव्र ॲनिमिया म्हणतो. जिना चढताना लागणारा दम, पायात येणारे गोळे आणि कच्चे तांदूळ खायची सवय (ही त्यांनी बरीच उशिरा, मान खाली घालून सांगितली) ही सगळी त्याच एका खात्याची उधारी होती. घरी मात्र त्यांना 'वयामुळे' असं सांगितलं गेलं होतं.

आता तपासणी. आजार ओळखण्याची पहिली जागा अजूनही डॉक्टरचा हातच आहे, आणि नेमकी ती पायरी हल्ली सर्रास गाळली जाते. बाई आली की थेट सोनोग्राफीची चिठ्ठी. ताईंच्या तीन वर्षांच्या कागदांत पाच सोनोग्राफ्या होत्या. आतून तपासल्याची नोंद एकही नव्हती.

पाळी संपल्यावर मी त्यांना बोलावलं. दोन बोटं योनीमार्गातून गर्भाशयाच्या मुखाखाली ठेवायची, दुसरा हात ओटीपोटावर ठेवायचा आणि दोन्हींच्या मध्ये गर्भाशय अलगद धरायचं. निरोगी गर्भाशय हाताला घट्ट लागतं, आंब्याच्या कोयीसारखं. फायब्रॉइडच्या गाठी असतील तर ते खडबडीत आणि एखाद्या बाजूला फुगलेलं लागतं, बटाटे भरलेल्या पिशवीसारखं. ताईंचं गर्भाशय दहा आठवड्यांच्या गरोदरपणाएवढं होतं. सगळीकडून सारखं गोल, आणि दाबलं तर किंचित दबणारं, चांगल्या मळलेल्या कणकेसारखं. मागच्या भिंतीवर बोट गेलं तशी त्यांनी टेबलाची कड धरली. "तिथंच, मॅडम. पाळीत तिथंच ठणकतं." नवऱ्याजवळ जातानाही तिथंच दुखतं का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. हे तीन वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

सोनोग्राफी मग मी आतून करायला सांगितली. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत आकार कळतो, भिंतीचा पोत कळत नाही. चिठ्ठीवर 'ॲडेनोमायोसिस आहे का ते पाहावे' असं स्पष्ट लिहिलं, कारण सोनोग्राफीत जे शोधावं तेच बहुधा सापडतं. रिपोर्ट आला: गर्भाशय ११.२ बाय ७.४ बाय ६.८ सेंमी. निरोगी गर्भाशय साधारण साडेसात बाय पाच बाय अडीच असतं. पुढची भिंत १.९ सेंमी जाड, मागची ३.४. दोन भिंतींच्या जाडीतला हा फरक ही एक खूण. मागच्या भिंतीत दोन-तीन मिलिमीटरचे काळे ठिपके होते, म्हणजे स्नायूत अडकलेल्या ग्रंथींची इवली इवली तळी. त्यांच्या मागे कौलांच्या फटीतून उन्हाच्या तिरीपा पडाव्यात तशा उजेड-अंधाराच्या पट्ट्या. आणि अस्तर नि स्नायू यांच्यामधली रेघ, जी स्वच्छ दिसायला हवी, ती जागोजागी पुसलेली. एवढ्या खुणा एकत्र असल्या की एमआरआयची गरज फारशी उरत नाही. फायब्रॉइड आहे की ॲडेनोमायोसिस याचा घोळ असेल, किंवा गर्भाशय ठेवून मोठी शस्त्रक्रिया करायची असेल, तेव्हा एमआरआय कामी येतो.

हा घोळ खरोखर महत्त्वाचा आहे. फायब्रॉइडची गाठ म्हणजे लाडवातला बेदाणा. भोवतीच्या स्नायूपासून ती सुटी करून काढता येते आणि लाडू पुन्हा वळता येतो. ॲडेनोमायोसिस म्हणजे कणकेत मळलेली हळद. तिला कड नसते. 'नुसती सूज काढा आणि पिशवी ठेवा' असं सांगून कुणी ऑपरेशनला आलं, तर या आजारात ते काम अवघड असतं. मुलं हवी असलेल्या काही बायकांमध्ये एकाच जागी साचलेला आजार कापून काढतात, पण तिथे निरोगी स्नायूही थोडा जातो आणि पुढच्या गरोदरपणात टाके उसवायची भीती राहते.

शंभर-सव्वाशे वर्षं हा आजार ओळखायचा म्हणजे गर्भाशय काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायचं, असंच होतं. १८६० मध्ये व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कींनी स्नायूत सापडलेल्या या ग्रंथींचं वर्णन केलं. १९०८ साली बाल्टिमोरच्या थॉमस कलेन यांनी काढलेल्या गर्भाशयांच्या पातळ चकत्या तपासून त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. शिकत असताना मीही प्रयोगशाळेत असं गर्भाशय मधोमध कापलेलं पाहिलंय. फायब्रॉइडचा काप पांढरा, दोऱ्याच्या गुंडीसारखा वळ्यावळ्यांचा असतो आणि भोवतीच्या स्नायूतून वर उसळून येतो. ॲडेनोमायोसिसचा काप जाड्याभरड्या धाग्यांचा, आणि मधे गुळासारखे तपकिरी ठिपके. तिथे जुनं रक्त साचलेलं. प्रोफेसर म्हणायचे, निदान शंभर टक्के बरोबर आलं, पण पेशंटला आता त्याचा उपयोग नाही. आज आतून केलेल्या सोनोग्राफीवर हे निदान गर्भाशय जागेवर असतानाच करता येतं. तरीही सल्ला बऱ्याचदा जुनाच दिला जातो.

या जुन्या सल्ल्याची किंमत महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिली आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या आल्यावर २०१९ साली राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांतल्या बऱ्याच चाळिशीच्या आतल्या. त्या सगळ्यांना ॲडेनोमायोसिस नव्हता, हे उघड आहे. पांढरं जाणं, पोटदुखी, जास्त पाळी या साध्या तक्रारींवर त्यांना 'सूज' आणि 'कॅन्सर' हे दोन शब्द ऐकवले गेले. खाडा पडला की मुकादम मजुरी कापणार, हे डोक्यावर होतंच. शहरातल्या पगारदार बाईला हाच सल्ला एसी केबिनमध्ये मिळतो, एवढाच फरक.

म्हणून हे स्पष्ट लिहिते: ॲडेनोमायोसिस हा कॅन्सर नाही, आणि त्याचा कॅन्सर होणं अतिशय दुर्मिळ आहे. मात्र चाळिशीनंतर पाळीचं तंत्र बिघडलं तर अस्तरात वेगळं काही नाही ना, हे पाहावंच लागतं. ताईंची बायोप्सी मी ओपीडीतच केली. शाईपेनातल्या नळीएवढी बारीक नळी आत घालून अस्तराचा नमुना ओढून घ्यायचा. पाच मिनिटं लागतात, पाळीसारखी कळ येते, भूल लागत नाही. आठवड्याने रिपोर्ट आला. अस्तर साधं होतं, कॅन्सर नव्हता. दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, संबंधानंतर जाणं, किंवा पाळी कायमची गेल्यावर वर्षभराने पुन्हा लाल दिसणं, यांपैकी काही असेल तर ही तपासणी एक दिवसही पुढे ढकलू नये.

मग उपचार. ताईंच्या बाबतीत पहिलं काम रक्ताचं होतं. ७.८ हिमोग्लोबिनवर नुसत्या लोहाच्या गोळ्या देणं म्हणजे गळक्या टाकीत वाटीने पाणी ओतणं. त्यांचं वजन ५८ किलो. एवढ्या वजनाला आणि एवढ्या कमी हिमोग्लोबिनला फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजचे एकूण १,५०० मिलिग्रॅम लागतात. ते शिरेतून दिले, आधी १,००० आणि आठवड्याने ५००. शिवाय पाळीच्या पहिल्या चार दिवसांत ट्रानेक्झामिक ॲसिडची १ ग्रॅमची मात्रा दिवसातून तीनदा, जोडीला मेफेनॅमिक ॲसिड. ट्रानेक्झामिक ॲसिडमुळे रक्ताची धरलेली खपली लवकर विरघळत नाही, म्हणून रक्त कमी जातं. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल, तर ही गोळी घ्यायची नाही. मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळी घेणाऱ्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही.

या गोळ्यांनी पाळी आटोक्यात येते, पण आजारावर त्यांचा परिणाम होत नाही. त्यासाठी प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं हार्मोन लागतं. ते अस्तराला वाढू देत नाही, मग ते अस्तर जागेवरचं असो की स्नायूत घुसलेलं. एक मार्ग रोजच्या गोळीचा, डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम. दुखण्यावर तिचा गुण चांगला, पण सुरुवातीला अधूनमधून लाल दिसत राहतं, काहींचं मन उदास होतं, आणि गोळी चुकवून चालत नाही. मुक्कामी गाडीवर जाणाऱ्या बाईला ते जड जाईल, असं माझं मत पडलं. दुसरा मार्ग गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनाचा.

हे साधन दाखवलं की पेशंट म्हणतात, "ही तर तांबी!" ताईही तेच म्हणाल्या. त्यांच्या जावेला तांबी बसवल्यावर पाळी दुप्पट झाली होती. गैरसमज साहजिक आहे, आकार तोच, इंग्रजी टी अक्षरासारखा. पण तांबीवर तांब्याची तार असते आणि तिने पाळी वाढू शकते. या साधनाच्या दांड्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन ५२ मिलिग्रॅम भरलेलं असतं. त्यातून रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा पन्नासावा भाग, गर्भाशयातच पाझरतो. पुढे पुढे तो कमी होत जातो, पण पाच वर्षं पुरतो. तोंडाने घेतलेलं हार्मोन सगळ्या अंगातून फिरतं, याचा बहुतेक भाग मात्र गर्भाशयातच राहतो.

मी ताईंना दोन गोष्टी आधीच सांगितल्या, कारण न सांगितल्यामुळेच हे साधन अर्ध्या वाटेवर काढून टाकलं जातं. पहिली, तीन ते सहा महिने थोडं थोडं, अवेळी लाल दिसेल. कधी वीस वीस दिवस. पॅडभर नाही, पण वैताग येईल इतकं. दुसरी, गर्भाशय मोठं आणि पाळी जोराची असली की साधन खाली सरकून बाहेर पडण्याची शक्यता जास्त. म्हणून पहिल्या पाळीनंतर दोरा तपासायला यायचं.

दोन महिन्यांनी त्या वैतागूनच आल्या. "मॅडम, आधी सहा दिवस जायचं, आता महिनाभर ठिपके. सासूबाई म्हणतात काढून टाक एकदाचं, मोकळी हो." साधन काढायचं की गर्भाशय, ते सासूबाईंनी स्पष्ट केलं नसावं. मी वेबिलचा तक्ता मागितला. ठिपके मोजून बेरीज ४६. दुखणं दहापैकी नऊवरून चारवर. त्यांनी स्वतःच पुन्हा एकदा बेरीज करून पाहिली आणि आणखी तीन महिने थांबायला तयार झाल्या. सहाव्या महिन्यात पाळी दोन दिवसांवर आली, बेरीज १२. हिमोग्लोबिन १२.१. गर्भाशय हाताला अजून मोठंच लागत होतं, पण दाबल्यावर त्यांनी टेबल धरलं नाही.

पाळी कायमची गेली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि हा आजार आपोआप शांत होतो. पंचेचाळिशीच्या आसपासच्या बाईसाठी उपचार म्हणजे बहुधा तिथपर्यंतची पाच-सहा वर्षं नीट निभावणं.

सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. त्याच वर्षी माझ्याकडे ४६ वर्षांच्या एक शिक्षिका होत्या. गर्भाशय बारा आठवड्यांचं, जोडीला फायब्रॉइड. साधन चौथ्या महिन्यात गाठीबरोबर बाहेर पडलं. डायनोजेस्टने त्यांना झोप लागेना आणि वर्गात रडू येऊ लागलं. पाळी थांबवणारं दरमहाचं इंजेक्शन दिलं, ल्युप्रोलाइड ३.७५ मिलिग्रॅम. त्याने आराम पडला, पण अंगातून वाफा निघायच्या, आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात म्हणून ते सहसा सहा महिन्यांपलीकडे एकटं चालवत नाहीत. थांबवलं की आजार परत. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या बंद करण्याचाही एक उपाय आहे. तो रेडिओलॉजिस्ट मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून करतात. त्यासाठी पुण्याला जावं लागलं असतं आणि त्यांना ते नको होतं. त्यांनी गर्भाशय काढायचं ठरवलं, आणि तो निर्णय योग्य होता. ॲडेनोमायोसिसचा शंभर टक्के उपचार तोच आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

फक्त त्यांनी एक प्रश्न विचारला, जो प्रत्येक बाईने विचारावा असं मला वाटतं: "अंडाशयं ठेवणार ना?" ठेवली. ती निरोगी असताना या वयात काढली तर बाईची पाळी एका रात्रीत जाते, आणि हृदय नि हाडं यांना मिळणारं संरक्षणही त्याबरोबर जातं. 'आता काढतोच आहोत तर सगळंच काढू' ही काटकसर फार महाग पडते. ऑपरेशन योनीमार्गातून झालं, पोटावर टाका नाही. तिसऱ्या दिवशी त्या घरी गेल्या, सहा आठवड्यांनी शाळेत. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात मागच्या भिंतीत ॲडेनोमायोसिस आणि शिवाय तीन सेंमीची फायब्रॉइडची गाठ. सोनोग्राफीने आधीच सांगितलं होतं तेच.

गेल्या महिन्यात कंडक्टर ताई पुन्हा आल्या, या वेळी धाकट्या बहिणीला घेऊन. बहीण ३८ वर्षांची, शेतात राबणारी. पाळी जास्त, पंधरा दिवसांनीच येते, गावातल्या सोनोग्राफीत 'बल्की युटेरस'. ताईंनी येण्याआधीच तिला वेबिलच्या पाठीवर तक्ता आखून दिला होता. बेरीज १३०. "हिलाही तेच असणार मॅडम, आमच्यात आहेच ते. ते साधन बसवून टाका."

मी बहिणीला तपासलं. गर्भाशय किंचित मोठं, तीन बाळंतपणांनंतर असतं तेवढंच. घट्ट. दाबल्यावर दुखलं नाही. पाळीतही कळा फारशा नाहीत. पण चेहरा सुजवट, कातडी कोरडी, आवाज जड, आणि बाहेर बाकी सगळे पंख्याखाली बसले असताना ती शाल गुंडाळून बसलेली. साधन बाजूला ठेवून मी रक्ताची चिठ्ठी लिहिली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, टीएसएच ६४. पाचच्या आत हवं ते. तिची थायरॉइड मंदावली होती, आणि त्यानेही पाळी अशीच वाढते. तिच्यासाठी आता सकाळी उपाशीपोटी एक छोटी पांढरी गोळी, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त.

ताईंनी तिच्या तक्त्यावर पुढच्या महिन्याची तारीख घातली आणि तो तिकिटाच्या बॅगेत ठेवला.